गौरीची आरास: न डगमगणारा स्टँड, चुण्यांचा पडदा आणि समोरासमोर दोन आरसे

गौरीच्या आरासीत आरसा वापरायचा म्हटलं की बहुतेक जण तो गौरीच्या मागे उभा करतात. मग आरशात गौरीपेक्षा समोरचा सोफा, ट्यूबलाइट आणि मोबाईल धरून उभे राहिलेले पाहुणेच जास्त दिसतात. आरसे मागे न ठेवता दोन्ही बाजूंना समोरासमोर ठेवले की हा घोळ मिटतो आणि दहा उसांचा फड दिसतो. या लेखात तीच मांडणी पहिल्यापासून शेवटपर्यंत दिली आहे. उदाहरणाला देखावा घेतला आहे गुऱ्हाळघराचा, कारण त्याचं बरंचसं सामान कोल्हापुरात घरातूनच निघतं. तुमचा विषय वेगळा असला तरी मापं आणि क्रम हाच ठेवा.

मापं उभ्या, साधारण चार फुटी गौरीची आहेत. खड्यांची गौर किंवा नुसती डहाळी पुजायची रीत असेल तर स्टँडचा भाग सोडून बाकीचं तसंच वापरता येईल.

काय काय लागेल

- १८ मिमी प्लायवूड: एक तुकडा ४ × ३ फूट, दुसरा ३ × ३ फूट
- बैठकीसाठी साधारण पन्नास विटा
- गौरीचा लोखंडी स्टँड, तळ १६ इंच चौरस
- १ इंची चौकोनी पाइपची कमान, ६ फूट रुंद आणि ७ फूट उंच, नटबोल्टने सुटी होणारी
- दोन सहावारी काठपदराच्या साड्या, शक्यतो एकाच रंगाच्या
- निवार पट्टी १५ फूट, सुई, जाड दोरा, स्टीलच्या न गंजणाऱ्या टाचण्या
- २ × ४ फुटांचे दोन आरसे, बारीक चौकटीत बसवलेले
- पितळी किंवा शाडूचा मुखवटा, हात, कापूस, जुने सुती कपडे
- दहा ऊस, पुठ्ठा, मांजरपाट, तांबडी माती
- १२ व्होल्टची पिवळसर एलईडी पट्टी, दोन तुकडे
- टेप, ओळंबा, स्क्रू, ड्रिल, पक्कड, सुतळी

कमान आणि स्टँड उद्यमनगरात कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेता येतो. तयार स्टँड सणाच्या तोंडावर बाजारात मिळतात, पण त्यांचा तळ बहुधा अरुंद असतो. त्याबद्दल पुढे येईलच.

१. जागा आणि दिवस आधी ठरवा

गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठेवर पूजन होतं आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. म्हणजे गणपती बसल्यावर दोन ते चार दिवसांनी गौर घरात येते. या मधल्या दिवसांत बसलेल्या गणपतीशेजारी ड्रिल चालवणं, ठोकाठोक करणं कुणालाच रुचत नाही, आणि मूर्तीला धक्का लागायचं भय असतं ते वेगळंच. म्हणून बैठक, कमान, पडदा आणि स्टँड ही चार कामं चतुर्थीच्या आधी संपवा. गणपती याच आरासीत बसवणार असाल तर त्याचा चौरंग पूर्ण वेगळा ठेवा. बैठकीच्या प्लायवर ठेवलात तर गौरीचं काम करताना प्रत्येक धक्का मूर्तीपर्यंत जाईल. चौरंग बैठकीसमोर, मधोमध जमिनीवर ठेवा.

भिंत किमान आठ फूट मोकळी हवी. आरास सात फुटांची होते आणि एका बाजूने आत शिरायला फूटभर जागा लागते. समोर पाच फूट मोकळं सोडा. पूजेच्या रात्री तिथेच झिम्मा-फुगडी रंगणार आहे. फेर जरा सरकला की पदर अडकतो तो नेमका आरशाच्या कडेला.

आणखी एक गोष्ट इथेच ठरवून टाका. गौरीपाठोपाठ दुसऱ्या दिवशी शंकरोबा येतात. त्यांची जागा आधी राखली नसेल तर ऐनवेळी देखाव्यातलं सामान हलवावं लागतं आणि सगळा तोल बिघडतो. बैठकीच्या उजव्या अर्ध्या भागात दीड फूट लांब-रुंद जागा त्यांच्यासाठी मोकळी ठेवा. पाणवठ्यावरून येणारा गौरीचा कलश ठेवायला गौरीसमोर एक फूट जागा लागते, तीही विसरू नका.

२. बैठक

टेबल किंवा दिवाण वापरायचा मोह होतो. पण दिवाणाची फळी मध्ये लवते आणि टेबलाचे पाय फरशीवर कधीच सारखे टेकत नाहीत. विटांवर प्लाय ही सगळ्यात शांत बैठक आहे. विटा आडव्या, दोन थरांत लावा, म्हणजे सहा इंच उंची मिळते. प्रत्येक प्लायखाली पुढून मागे जाणाऱ्या तीन ओळी: दोन्ही कडांना एकेक आणि मधे एक.

प्लायचे तुकडे मुद्दाम चार आणि तीन फुटांचे सांगितले आहेत. सारखे साडेतीन-साडेतीन फुटांचे घेतले तर जोड बरोबर मध्यावर येतो, आणि गौर जराशी मध्याकडे सरकवली की स्टँडचे दोन पाय एका फळीवर, दोन दुसऱ्या फळीवर पडतात. मग एका फळीवर कुणी पाय दिला की गौर मान हलवते. चार फुटांचा तुकडा डावीकडे ठेवा आणि गौरीचा मध्य डाव्या कडेपासून पावणेतीन फुटांवर धरा. म्हणजे अख्खा स्टँड एकाच फळीवर बसतो.

फळीच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने उभं राहून पाहा. कुठे ‘टक’ आवाज आला तर तिथे विटेवर लाकडी पाचर मारा. कागदाची घडी घालू नका. भाद्रपदातल्या दमट हवेत कागद नरम होतो आणि दोन दिवसांनी हलणं पुन्हा सुरू होतं.

३. स्टँड: सगळी आरास यावर उभी आहे

गौर पडते ती बहुतेक वेळा पुढे पडते. कारण साधं आहे. निऱ्यांचा सगळा झोल पुढे येतो, हार-साज पुढे लोंबतो, आणि मुखवटा पितळी असला तर एक-दोन किलो वजन अगदी टोकाला बसतं. नुसता स्टँड दुकानात ढकलून पाहिला तर पक्का वाटतो. साडी नेसवल्यावर तोच डुलायला लागतो.

बाजारातल्या तयार स्टँडचा तळ बारा इंचांच्या आसपास असेल आणि वजनाचा मध्य तीन फुटांवर गेला असेल, तर जेमतेम नऊ-दहा अंश कलला की तो परत येत नाही, जातोच. तळ सोळा इंच केला आणि खाली वजन टाकून मध्य दोन फुटांवर आणला तर हाच कोन अठरा अंशांपर्यंत जातो. फरक दुपटीचा आहे, आणि तो फक्त तळ रुंद करून आणि खाली वजन ठेवून मिळतो.

म्हणून स्टँड करून घेताना एवढंच नीट सांगा: तळ सोळा इंच चौरस, पाय चार. तीन पायांचा स्टँड ओबडधोबड फरशीवर डुगडुगत नाही हे खरं, पण दोन पायांच्या मधल्या दिशेला तो फार लवकर कलंडतो. मधला दांडा एकात एक जाणाऱ्या दोन पाइपांचा आणि बोल्टने घट्ट होणारा असावा, म्हणजे उंची जुळवता येते. कमरेला दहा इंची कडी, खांद्याला तेरा-चौदा इंची आडवी पट्टी.

आता बसवणी. स्टँडच्या चारही पायांना भोकं पाडून घेतली असतील तर ते प्लायला थेट स्क्रूने आवळा. भोकं नसतील तर पायावरून पत्र्याची पट्टी वाकवून तिच्या दोन्ही बाजूंना स्क्रू मारा. त्यानंतर तळाच्या चौकटीत दहा किलो वजन ठेवा. वाळूची पिशवी चालते. घरची रीत धान्य ठेवायची असेल तर गव्हा-तांदळाच्या पिशव्या ठेवा. पिशवी पुढच्या पायांकडे नव्हे, मागच्या पायांकडे सरकवून ठेवा, कारण पुढचा भार तिलाच तोलायचा आहे.

मुखवट्याचं भोक आणि दांड्याचं टोक क्वचितच जुळतं. सैल राहिलं तर रात्रीतून गौरीची मान वळते आणि सकाळी ती भिंतीकडे बघत असते. दांड्याच्या टोकाला सुती कापडाची पट्टी घट्ट गुंडाळत जा. मुखवटा थोडा दाब देऊन, किंचित फिरवत बसला पाहिजे. डोक्यावर हात ठेवून हलकेच फिरवून बघा. फिरला तर आणखी एक वेढा.

अंग भरताना कापूस वर आणि जुने कपडे आत वापरा. नुसता कापूस साडीच्या ओढीने दबतो आणि दुसऱ्या दिवशी खांदे उतरलेले दिसतात. कमरेच्या कडीवर निवार पट्टी आवळून बांधा आणि निऱ्या त्या पट्टीत खोचा. कडीच्या गुळगुळीत लोखंडावर निऱ्या घसरतात.

आता परीक्षा घ्या. जुनी साडी नेसवा, मुखवटा बसवा, दागिन्यांच्या वजनाचं काहीतरी गळ्यात अडकवा. मानेच्या उंचीवर दोन बोटांनी पुढे ढकला. इंचभर जाऊन परत आली पाहिजे. मग समोर पाच फुटांवर दोघीतिघींनी मिळून उड्या मारा. माडीवरच्या जुन्या लाकडी तक्तपोशीवर ही परीक्षा घ्यायलाच हवी. मुखवटा थरथरला तर स्टँडच्या मानेजवळून पातळ तार काढून मागच्या कमानीच्या आडव्या पाइपला बांधा. तार पदराखाली झाकली जाते.

४. कमान आणि चुण्यांचा पडदा

कमान म्हणजे दोन उभे आणि एक आडवा पाइप, दारासारखा. नुसते उभे पाइप पुरत नाहीत. प्रत्येकाच्या तळाला मागे-पुढे मिळून दोन फुटांचा पाय आणि त्याला तिरका आधार लागतो. वर पंखा सुरू झाला की पडदा शिडासारखा फुगतो आणि कमान पुढे ओढतो. भिंतीत खिळा किंवा हुक असेल तर आडवा पाइप दोन ठिकाणी सुतळीने मागे बांधून टाका.

पडद्यासाठी कापड विकत घ्यायची गरज नाही. सहावारी साडी ब्लाउजपीस सोडून साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच असते. चुणी दोन इंच रुंद दिसायला हवी असेल तर एका चुणीत सहा इंच कापड जातं: दोन वर दिसतं, दोन दुमडून मागे जातं, दोन परत पुढे येतं. ६ फूट म्हणजे ७२ इंचांत अशा ३६ चुण्या बसतात आणि ३६ × ६ म्हणजे बरोबर २१६. एक साडी लांबीत चुणली की कमानीची अख्खी रुंदी भरते. साडीचा पन्हा ४४-४५ इंचांचा, म्हणजे पावणेचार फुटांच्या आतबाहेर. एकाखाली एक दोन साड्या लावल्या की सात फूट उंची झाकते. मधला जोडही उठून दिसत नाही, कारण तिथे वरच्या साडीचा खालचा काठ येतो आणि तो मुद्दाम लावलेल्या पट्ट्यासारखा शोभतो. वरच्या साडीचा काठ खालच्या साडीवर दोन-तीन इंच चढवून घ्या. नऊवारी असेल तर तीच मापं नऊ फुटांपर्यंत पुरतात.

चुण्या थेट कमानीवर घालायला जाऊ नका. उभं राहून, हात वर करून घातलेल्या चुण्या पहिल्या दहा सुरेख आणि शेवटच्या दहा कशातरी अशाच होतात. निवार पट्टीचे सव्वासहा फुटांचे दोन तुकडे करा, प्रत्येक साडीला एक. पट्टी जमिनीवर अंथरून तिच्यावर ७२ इंचांचं माप घ्या, अर्ध्यावर आणि पाव-पाव भागांवर पेनने खूण करा. साडीलाही दुमडून अशाच खुणा करा. आधी खुणेला खूण टाचणीने जोडा. आता १८ इंच पट्टीवर ५४ इंच कापड आणि त्यात नऊ चुण्या, एवढंच काम एका वेळी समोर असतं. चूक झाली तर त्याच पाव भागात सापडते. खुणा न करता सरळ सुरुवात केली तर शेवटी हातभर कापड उरतं किंवा कमी पडतं, आणि सगळं उसवावं लागतं.

चुण्यांचं तोंड डाव्या अर्ध्यात डावीकडे आणि उजव्या अर्ध्यात उजवीकडे ठेवा. मध्यावर दोन चुण्या पाठीला पाठ लावून उभ्या राहतात आणि पडदा मधून उमलल्यासारखा दिसतो. मग वरच्या काठाखालून जाड दोऱ्याने लांब टाके घाला, दोन ओळी, अर्ध्या इंचाच्या अंतराने. एकच ओळ घातली तर चुण्या खाली पंख्यासारख्या पसरतात. टाके पडले की सगळ्या टाचण्या काढून घ्या. साध्या लोखंडी टाचण्या चार दिवस राहिल्या तर तांबेरा धरतो, आणि रेशमी साडीवरचा तो डाग जात नाही. स्टेपलर तर साडीला लावूच नका.

पट्टी कमानीला सुतळीने किंवा कपड्याच्या चिमट्यांनी बांधा. खालच्या साडीसाठी साडेतीन फुटांवर, म्हणजे वरच्या साडीच्या काठामागे, एक आडवी काठी किंवा ताणलेली दोरी लागेल. दोरी असेल तर मध्ये एक आधार द्या, नाहीतर मध्यभागी झोळ पडतो आणि सगळ्या चुण्या तिकडे सरकतात.

५. आरसे

काचेचा चार मिमी जाडीचा २ × ४ फुटी आरसा साधारण साडेसात किलो भरतो. ॲक्रिलिकचा तीन मिमीचा तेवढाच आरसा अडीच-पावणेतीन किलोचा असतो आणि सहजी फुटत नाही. मग ॲक्रिलिकच का नको? कारण तो लवतो आणि प्रतिबिंब जत्रेतल्या आरशासारखं वाकडं दिसतं. घरात लहान मुलं असतील तर ॲक्रिलिकच घ्या, पण तो बारा मिमी प्लायवर सपाट बसवून. तो पुसायला स्पिरिट किंवा काचेचा स्प्रे वापरू नका, पृष्ठभाग पांढुरका पडतो. ओला मऊ कपडा पुरतो. मुलं मोठी असतील तर काच चांगली. तिच्या पाठीमागे सगळीभर चिकटपट्टीच्या उभ्या-आडव्या ओळी मारून घ्या, म्हणजे दुर्दैवाने तडा गेलाच तर तुकडे उडत नाहीत.

मांडणी अशी. आरशाची मागची उभी कड कमानीच्या उभ्या पाइपला लावा. पुढची कड बाहेरच्या बाजूला सहा इंच ढकला. दोन फुटांच्या आरशाला सहा इंच म्हणजे सुमारे पंधरा अंश. दोन्ही बाजूंना असं केलं की मागे सहा फूट आणि पुढे सात फूट असं तोंड होतं. या कोनात समोरून पाहणाऱ्याची नजर आरशावरून वळून मागच्या चुण्यांच्या पडद्याकडे आणि पलीकडच्या आरशाकडे जाते, खोलीकडे परत येत नाही. म्हणून खोलीतला पसारा दिसत नाही. आरसे याहून फार उघडले तर ४५ अंशांपलीकडे खोली दिसायला लागते. पूर्ण समांतर ठेवले तर ओळी लांबच लांब जातात खऱ्या, पण समोर बसलेल्यांना आरशाची कडच दिसते, आतलं फारसं नाही. पंधरा अंश हा मधला, चांगला कोन आहे.

आरसा बैठकीला टेकलेला हवा. खाली फट राहिली तर जमीन तुटलेली दिसते. प्लायवर दोन लाकडी पट्ट्या चौकटीच्या जाडीइतक्या अंतरावर ठोकून खाच करा आणि आरसा तिच्यात उभा करा. वरून दोन ठिकाणी कमानीला बांधा, पुढच्या कडेला मागून तिरका आधार द्या. ओळंबा लावून उभेपण तपासा. आरसा जरा जरी मागे कलला तर त्यात छत आणि पंखा येतो.

गौरीच्या बाजूचा, म्हणजे डावा आरसा सगळ्यात शेवटी बसवा. साडी नेसवायला त्या बाजूने हात जावा लागतो. आणि साडी नेसवताना कडेची बाजू समोरच्याइतकीच नीटस ठेवा: आरशात दिसते ती तीच. कोपराजवळचा उघडा पाइप, कमरेवरची गाठ, ब्लाउजला मागे खेचून लावलेल्या टाचण्या, कानामागून डोकावणारी कापडी पट्टी हे सगळं समोरून झाकलेलं असतं आणि आरशातून स्पष्ट दिसतं. गजरा नुसता पुढून न माळता खोप्याच्या दोन्ही अंगांनी फिरवून घ्या.

६. देखावा: आरशासाठी मांडलेलं गुऱ्हाळ

दहा ऊस, प्रत्येक आरशापुढे पाच. पहिल्या ओळीतले तीन आरशापासून सहा इंचांवर, दुसऱ्या ओळीतले दोन दीड फुटावर, पहिल्या तिघांच्या मधल्या जागेत. सहा इंच का? उसाचं प्रतिबिंब आरशाच्या आत तितकंच, सहा इंच दिसतं. म्हणजे खरा ऊस आणि त्याचं प्रतिबिंब यांत एक फूट अंतर पडतं, आणि तेच अंतर खऱ्या दोन ओळींत आहे. ओळी न तुटता आत जात राहतात. ऊस आरशाला खेटून लावले तर नुसत्या जोड्या दिसतात, फड दिसत नाही.

उसाची एकूण उंची वाढ्यांसकट पावणेचार फुटांच्या वर नको. आरसा चार फुटांचा आहे. त्याच्यावर निघालेला शेंडा आरशात मध्येच कापलेला दिसतो. शिवाय ऊस गौरीच्या डोक्यावर जाऊ नयेत. रसवंतीवाल्याकडून मिळालेले ऊस सहसा वाढ्यांशिवाय असतात, म्हणून शेतावरच्या माणसाला आधी सांगून ठेवा. आवाहनाच्या दिवशी सकाळी तोडून आणा. वाढी दोन दिवसांत कडेने वळायला लागतात. कापलेल्या टोकाला लगेच वितळलेल्या मेणात बुडवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत मुंग्यांची रांग लागते. ऊस ओल्या वाळूच्या डब्यांत रोवा. वाढ्यांच्या कडा हाताला चरचरीत कापतात, बाह्या लांब ठेवा.

चुलवाण पूर्ण गोल करू नका, अर्धंच करा. पुठ्ठ्याचा सोळा इंच व्यासाचा अर्धगोल उजव्या आरशाला पुढच्या बाजूने टेकवला की आरसा उरलेला अर्धा पुरा करतो. काहीलही तशीच अर्धी, पुठ्ठ्याची, कडेला काळा रंग. आरशाचा पारा काचेच्या मागच्या बाजूला असतो, त्यामुळे जोडावर काडीएवढी फट दिसते. तिथे चाळलेली तांबडी माती बोटाने सारा. तीच माती आरशाच्या खालच्या चौकटीवरही सारली की जमीन सलग होते. काहिलीतला रस म्हणून पिवळसर तपकिरी साटन चुरगाळून ठेवा, तिच्यावर जिलेटिनचा पातळ कागद. दिव्याच्या उजेडात तो उकळल्यासारखा चमकतो.

गुळाचे रवे खऱ्या गुळाचे ठेवू नयेत. दमट हवेत गुळाला पाणी सुटतं, प्लायवर चिकटा होतो आणि माश्या-मुंग्या थेट नैवेद्यापर्यंत येतात. छोट्या बादल्या उलट्या ठेवून त्यांच्यावर हळदीच्या आणि चहाच्या पाण्यात बुडवलेलं मांजरपाट घट्ट ओढून बांधा. खऱ्या रव्यावरही साच्यातल्या कापडाचा ठसा असतो, त्यामुळे कापडाच्या सुरकुत्या इथे खऱ्याच वाटतात. तीन पुरेत: दोन खाली, एक वर. आरसा त्यांची थप्पी करतो. खऱ्या गुळाचा खडा पूजेच्या ताटात असू द्या.

थर्माकोलचं काही करू नका. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि पुठ्ठा रंग जास्त चांगला धरतो. ‘गुऱ्हाळघर’ अशी पाटी करणार असाल तर ती कमानीच्या वर, आरशांच्या टप्प्याबाहेर लावा. खाली लावली तर तीच अक्षरं दोन्हीकडे उलटी वाचावी लागतात.

सामान मांडून झालं की एकदा खाली बसून बघा. घरातले उभे राहून आरास लावतात, पण पूजेला सगळे बसलेले असतात, आणि बसल्यावर आरशात विटा दिसतात का, डबे दिसतात का ते तेव्हाच कळतं. दिसले तर बैठकीच्या पुढच्या कडेला साडीच्या काठाची झालर सोडा.

७. दिवे आणि समई

आरशामुळे प्रत्येक दिवा अनेक होतो, म्हणून नेहमीच्या निम्मे दिवे लावा. एलईडी पट्टी आरशाच्या पुढच्या कडेच्या मागे, तोंड पडद्याकडे करून चिकटवा. दिवा दिसू नये, उजेड दिसावा. दुसरा तुकडा चुलवाणाच्या आत, लाल जिलेटिनमागे. ॲडॉप्टर कापडाखाली ठेवू नका, बैठकीच्या बाजूला उघड्यावर ठेवा. लुकलुकणाऱ्या माळा आरशांसमोर नकोत. चारी बाजूंनी लुकलुकलं की गौरीच्या चेहऱ्यावर नजर ठरत नाही.

समई बैठकीवर ठेवू नये. खाली, कापडापासून दीड फूट आणि आरशापासून किमान फूटभर लांब ठेवा. ज्योतीजवळ काच एका जागी तापून तडकते आणि ॲक्रिलिक वाकतं. त्या अंतरावरूनही ज्योत दोन्ही आरशांत आत आत जाताना दिसते. पाचट किंवा सुकं चिपाड देखाव्याला कितीही शोभलं तरी समई असलेल्या आरासीत आणू नका. वाफ दाखवायला काहिलीत उदबत्त्या लावण्याची टूमही कापडाजवळ नको.

८. उतरवताना

विसर्जनाहून आल्यावर दमलेल्या हातांनी आरसे काढू नका, दुसऱ्या दिवशी काढा. आधी ऊस आणि माती, मग डावा आरसा, मग उजवा. प्रत्येक आरशाला दोन माणसं. आरसे आडवे न ठेवता गोधडीत गुंडाळून, भिंतीला लावून उभे ठेवा. आडव्या आरशावर वर्षभरात कुणीतरी काहीतरी ठेवतंच. पडद्याचे टाके एका टोकाला कापून दोरा ओढला की ३६ चुण्या एका झटक्यात सुटतात. साड्या वाऱ्यावर टाकून मगच घडी करा. निवार पट्ट्या खुणांसकट गुंडाळून स्टँडच्या पिशवीत ठेवा, स्क्रू आणि बोल्ट त्याच पिशवीत डबीत घालून. पुढच्या भाद्रपदात माप घ्यायचं अर्धं काम त्या खुणांवरच होतं.